बाटली, शिडी, टाळ्या

मला मोबाईलवर चित्रं टाकायला आवडत नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणी वारलं, कुणाला नोकरी लागली, की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लोक जोडलेले हात, फुलं, फटाके आणि रडकी तोंडं यांची अशी रांगोळी घालतात की खरी बातमी त्यात शोधावी लागते. मी आपलं सरळ लिहिते. ‘अभिनंदन.’ ‘वाईट झालं.’ संपलं. यावरून स्टाफरूममध्ये माझी टिंगल होते. मॅडमचा मेसेज आला की तार आल्यागत काळजात धस्स होतं, म्हणतात. म्हणू देत. पण त्या वर्षी तीन चित्रांची एक ओळ सगळ्या सोनपेठनं टाकली आणि मी तेवढी टाकली नाही, त्यात माझं शहाणपण काडीचं नव्हतं. नुसता आळस होता.

सोनपेठच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोरीला त्या वर्षी सरकारी मेडिकलला जागा मिळाली. बारावीनंतर लातूरला एक वर्ष रिपीट करून तिनं ती मिळवली. बौद्ध घरातली पोरगी, बाप एसटीत कंडक्टर. जागा राखीव यादीतून मिळाली होती, तिच्या हक्काची होती, आणि त्यासाठी तिनं काय उपसलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. कॉलेजातून सुटली की बसस्टँडवरच्या बाकड्यावर बापाची गाडी येईस्तोवर वाचत बसायची. मी जाता-येता विचारायची, ‘कुठवर आलं गं?’ ती नुसतं पुस्तक उचलून पान दाखवायची.

बातमी पडली ती तिच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपची ॲडमिन मी. बॅचा निघून जातात, ग्रुप राहतो आणि ॲडमिन म्हणून मीही त्यात लटकून राहते. मी लिहिलं, ‘अभिनंदन. लय आनंद झाला.’ माझ्या मानानं हे भाषणच होतं. माझ्या खाली लगेच तिच्याच वर्गातल्या एका पोरानं शुभेच्छा टाकल्या. शब्द एकही नव्हता. बाळाची दुधाची बाटली, मग शिडी, मग टाळ्या वाजवणारे हात. ओळीनं तीन चित्रं. पाठोपाठ त्याच्या दोन मित्रांनी तीच ओळ टाकली.

मी बघितलं आणि मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, चला, पोरांनी जरा डोकं चालवलं. बाटली म्हणजे बाळपण, शिडी म्हणजे चढत गेली, आणि आता टाळ्या. तुम्हीही असंच वाचलं असतं. सगळ्यांनी असंच वाचलं. आमच्या स्पोर्टच्या सरांनी बोट दाबून धरलं, कॉपी केलं आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकलं. प्राचार्यांनी तिथून उचललं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथं तिचा बाप होता, कारण धाकटा आमच्याकडं अकरावीला. बापाला ती ओळ अशी काही आवडली की विचारू नका. त्यानं ती स्टेटसला ठेवली. अभिनंदनाचा एकेक मेसेज आला की धन्यवाद म्हणून तो तीच ओळ परत पाठवायचा. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना, बहिणींना, साडूला, पिंगळीच्या सासुरवाडीला. मला रस्त्यात भेटला तर मोबाईल काढून दाखवायला लागला.

‘बघा मॅडम, कसं हाय. बाटलीपासून शिडीपस्तोर! मी तर लिवूनबी असं मांडू शकलो नसतो.’

‘छान आहे,’ मी म्हणाले.

त्यानं चौकात फ्लेक्स लावला. आमच्याकडं पोरगं बारावी झालं तरी फ्लेक्स लागतो, मग ही तर डॉक्टर होणार होती. अजून कॉलेजचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, पण कुणाचा तरी पांढरा कोट अंगात आणि गळ्यात स्टेथोस्कोप असा तिचा फोटो. वरती महापुरुषांची छायाचित्रं, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून सगळा गोतावळा. आणि तिच्या नावाखाली, घागरीएवढी मोठी करून, ती तीन चित्रं. फ्लेक्सवाल्यानं सांगितलं म्हणे, ‘अक्षरापेक्षा हे लांबून दिसतं.’

दिसायचं खरंच. सोनपेठात शिरणाऱ्या प्रत्येक एसटीतून दिसायचं.

ती माझ्याकडं आली ते दाखल्याच्या कामासाठी. ऑफिसात क्लार्क जेवायला गेला होता म्हणून प्रयोगशाळेत येऊन बसली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंड भरून कौतुक करणार तोच तिच्याकडं बघितलं. पोरीचं तोंड उतरलेलं. मला वाटलं लांब जायचं म्हणून रडू येत असेल.

‘अगं, आता कशाला? सगळं गाव नाचायला लागलंय तुझ्यासाठी.’

‘मॅडम, तेच बंद करा ना,’ ती म्हणाली. ‘तुमी ॲडमिन हाव ना. ती ओळ काढा.’

‘कुठली ओळ?’

तिनं मोबाईल काढला. इन्स्टाग्रामवर प्रवेशाच्या दिवसांत चालणारं एक पान होतं. कुणाचं ते कळायला मार्ग नाही, नाव-गाव काही नाही. तिथं निवड झालेल्या पोरा-पोरींचे फोटो टाकलेले. एका मुलीचा फोटो उघडला, खालच्या प्रतिक्रिया दाखवल्या. बाटली, शिडी, टाळ्या. बाटली, शिडी, टाळ्या. बोटानं वर सरकवत गेली तरी संपेनात. मग दुसरा फोटो, तिसरा. माझी ट्यूब अजून पेटली नव्हती.

‘मग? शुभेच्छाच देतायत की.’

‘आता हा बघा,’ ती म्हणाली आणि खुल्या यादीतून लागलेल्या एका मुलाचा फोटो उघडला. त्याच्याखाली मुकुट होते, आग होती, फटाके होते. बाटली नाही. शिडी नाही. तिनं अजून एक उघडला. तिथंही नाही. मग राखीवमधला एक उघडला. तिथं परत रांग.

‘म्हणजे हे फक्त राखीवमधल्यांनाच?’ मी विचारलं.

‘बाटली म्हणजे हे फुकटचं दूध पिऊन वाढलेत,’ ती सपाट आवाजात सांगत होती, परीक्षेत व्याख्या सांगावी तशी. ‘शिडी म्हणजे ह्यांना सरकारनं शिडी लावून दिली. आणि टाळ्या म्हणजे चला, वाजवा आता. लातूरला क्लासमध्ये सगळ्यांना म्हाईत होतं. मागं बसून पोरं नुसतं हवेत शिडी चढल्यागत करायची. सरांना वाटायचं मस्ती करायलेत.’

‘मग सरळ लिहीत का नाहीत मेले?’

‘लिहिलं की कुणीतरी तक्रार करतं, कमेंट उडती, खातं बंद पडतं. केसबी होती. चित्रावर काय होणार? शिडीचं चित्र हाय म्हणून कोण धरणार?’

मला मग आठवलं, आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या एका भाच्यानं ही ओळ टाकून खाली हसून हसून रडणारी तोंडं टाकली होती. आमचं घर जमीनजुमल्याचं, मराठ्यांचं. तो भाचा दोनदा परीक्षा देऊन रिकामा बसलाय. तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी बाळाचं काहीतरी असेल. आता अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ज्यांना कळत होतं ते घरातच होते. ते हसत होते, आणि ज्यांना कळत नव्हतं ते त्यांचं काम फुकटात करत होते.

‘मी करते बंद,’ मी म्हणाले. ‘आत्ता सगळ्यांना सांगते.’

‘न्हाई मॅडम!’ ती उठूनच उभी राहिली. ‘सगळ्यांना सांगितलं तर पप्पाला कळंल. पप्पाला कळू देऊ नका. बाकी काहीबी करा. मी लातूरला वर्षभर ऐकलंय, मला सवय झालीय. पण त्यांनी स्वतःच्या हातानं लावलंय वो ते चौकात. रोज ड्युटीवरून येताना गाडी तिथं हळू करायला लावतात ड्रायव्हरला.’

मी तिला शब्द दिला. बापाला कळू द्यायचं नाही. एवढं एकच तिनं मागितलं, आणि एवढं एक करायला काय अवघड आहे, असं मला वाटलं.

आधी स्वतःच्या ताब्यातलं. बॅचच्या ग्रुपवरचे ते मेसेज ॲडमिन म्हणून पुसायला गेले, तर सगळ्यांसाठी पुसायची मुदत निघून गेली होती. माझ्या मोबाईलमधून गेले, बाकीच्यांच्यात तसेच. मग मी एकेकाला फोन लावायला घेतला. ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर ज्याला माहीत नाही त्यालाही कळलं असतं, आणि दहा टवाळ पोरांच्या हातात नवं खेळणं दिल्यासारखं झालं असतं. फोनवर सांगायचे, ‘ती तीन चित्रांची ओळ पुढं पाठवू नका, तिचा अर्थ चांगला नाही, स्क्रीनशॉटही काढू नका, आहे ती पुसा आणि त्याऐवजी शब्दात अभिनंदन लिहा.’ स्पोर्टचे सर म्हणाले, ‘अरे बाप रे, मी तर शिडी बघून टाकलं.’ भला माणूस. लगेच पुसलं आणि स्वतःहून ज्यांना पाठवलं होतं त्यांना फोन केले. मी एवढंच त्यांना विचारलं, ‘सर, ज्याचा अर्थ माहीत नाही ते आपण उचलतो कशाला हो?’ ते म्हणाले, ‘मॅडम, सगळ्यांनी टाकलं की आपणही टाकावंच लागतं. नाही टाकलं तर वाटतं, जळतोय.’ हे मात्र अगदी खरं बोलले.

त्या पहिल्या पोराला मी कॉलेजात बोलावलं. आता तो बीएस्सीला होता. आला, वाकून पाया पडला, हात मागं बांधून उभा राहिला.

‘ती ओळ तू कुठून आणलीस?’

‘कुठली मॅडम? शुभेच्छा होत्या त्या.’

‘बाटली कशाची?’

‘दुधाची. पोषण असतं ना दूध. तुमीच शिकवलंय.’ डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. ‘अन शिडी म्हणजे प्रगती. प्रगती वाईट असती का मॅडम?’

असं वाटलं, एक ठेवून द्यावी. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते उद्धटपणाचं हसूही नव्हतं. समोरच्याचे हात बांधलेत हे पक्कं माहीत असलेल्या माणसाचा निवांतपणा होता. एकटी शिडी बघून कुणालाच काही म्हणता येत नाही हे मलाही कळत होतं. गावातला रंगारी रोज स्टेटसला शिडी ठेवतो, त्याचा धंदाच तो. अर्थ शिडीत नसतोच. कुणी टाकली, कुणाच्या फोटोखाली टाकली, कुणाच्या फोटोखाली मुद्दाम टाकली नाही, यात तो असतो. हे मी त्याला ऐकवलं. इन्स्टावर त्यानं कुठं कुठं ती ओळ टाकली आणि कुठं टाकली नाही तेही पोरीनं दाखवलं होतं, ते सांगितलं. तेव्हा जरा चपापला. मग खाली मान घालून म्हणाला, ‘मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते मॅडम.’

‘आणि म्हणून तिच्या बापाच्या हातून तिला शिवी द्यायची?’

‘त्यांना मी थोडीच सांगितलं लावा म्हणून. त्यांनीच लावलं,’ तो म्हणाला. आणि आता खरंच हसला.

त्याच्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘मॅडम, चित्रावरून काय भांडणं काढायलात? पोरगं गप बसलंय, त्याला गप बसू द्या.’ पोरीला विचारलं, पोलिसात जायचं का, मी येते बरोबर. कायदा आहे, चित्रात घातलेली शिवी ही शिवीच असते. ती म्हणाली, ‘तिथं पहिली साक्ष पप्पाचीच घेतील.’ त्या पानाची तक्रार मी इन्स्टाग्रामकडंच केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, यात नियमांचं काही उल्लंघन आढळलं नाही. यंत्रानं बघितलं असेल. बाटली आहे, शिडी आहे, टाळ्या आहेत, मग काय बिघडलं?

राहिला फ्लेक्स. तो बापाला न कळता उतरवायचा कसा? मी पोरीला म्हणाले, तूच सांग, मला फ्लेक्स नको म्हणून. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाप माझ्याकडं तक्रार घेऊन आला.

‘मॅडम, पोरीला समजवा. म्हणती फ्लेक्स काढा, मला लाज वाटती.’ आवाज चिरकला होता त्याचा. ‘अजून गेली न्हाई कॉलेजात अन आत्तापासून आमची लाज वाटायला लागली? आमच्या सात पिढ्यात कुणाचा फोटो चौकात लागला का? लागलाच असंल तर मेल्यावर. मी जित्या पोरीचा लावलाय.’

‘तसं नाही हो भाऊ. तिला फोटोची लाज वाटते. पोरींना वाटते.’

‘फोटोची न्हाई. बापाचीच,’ तो म्हणाला आणि मोबाईल खिशात कोंबून निघून गेला. घरी दोन दिवस पोरीशी बोलला नाही. ती मला फोनवर म्हणाली, ‘चाललंय ते बरंय मॅडम. माझ्यावर रागावलेत तर रागवू द्या. त्यांना ते कळण्यापरीस हे बरं.’ बघा म्हणजे. शिवी तिला, चूक दुसऱ्याची, आणि अबोलाही तिलाच.

हे असंच चाललं असतं. फ्लेक्स ऊन खाऊन फाटला असता, लोक विसरले असते. पण आमच्या प्राचार्यांना ते स्पोर्टच्या सरांकडून कळलं. माणूस वाईट नाही, पण कुठलंही काम परिपत्रकाशिवाय झालं असं त्यांना वाटतच नाही. साधा नळ गळायला लागला तरी आमच्याकडं ‘सूचना’ निघते. मला न विचारता त्यांनी सूचना काढली. ‘सर्व विद्यार्थी, पालक व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, खालील चिन्हे आक्षेपार्ह असून ती कोणीही वापरू नयेत.’ खाली ती तिन्ही चित्रं, मोठी, लाल गोलात. त्याखाली प्रत्येकाचा अर्थ. बाटली म्हणजे अमुक, शिडी म्हणजे तमुक. कुणाला उद्देशून वापरतात तेही, अगदी सरकारी भाषेत. ‘अनुसूचित जाती प्रवर्गातील यशस्वी विद्यार्थ्यांचा उपमर्द करण्यासाठी.’ खाली सही, शिक्का. आणि तो कागद पालकांच्या ग्रुपवर.

मी धावत केबिनमध्ये गेले. ‘सर, काढा ते! पुसा आधी!’

‘का? जनजागृती नको का?’

‘अहो, ज्यांना माहीत नव्हतं त्या सगळ्यांना तुम्ही शिकवलंत आता. अर्थासकट! हे सांगायचं तर चित्र न दाखवता सांगायचं असतं. आणि ज्याचं त्याला, कानात. आणि चित्रावर बंदी घालून काय होतंय, ते उद्या दुसरं चित्र घेतील. लोकांना एवढंच शिकवा की माहीत नसलेलं पुढं ढकलू नका.’

त्यांनी पुसलं. लगेच पुसलं. पण तेवढ्या वेळात ते पुढं गेलं होतं. अकरावीच्या वर्गात दुपारी कुणीतरी फळ्यावर शिडी काढली. आमच्या क्लार्कच्या बायकोनं बारशाच्या फोटोवर दुधाची बाटली टाकली होती, बिचारीला तिच्याच नात्यातल्यांनी झापलं, ‘असलं जातीवाचक टाकती का.’ ती रडत नवऱ्याला विचारायला लागली की मी काय केलं. आणि ज्यांना खरोखर ती शिवी द्यायची होती त्यांना आता अर्थ समजावून सांगायचीही गरज उरली नाही. सही-शिक्क्यासकट समजावून झालं होतं.

संध्याकाळच्या गाडीवरून उतरून तो थेट स्टाफरूममध्ये आला. खाकी अंगात, तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच. मी एकटीच बसले होते. त्याच्या हातात मोबाईल होता, त्यावर तो कागद. ग्रुपवरून पुसला होता तरी त्याच्याकडं होता, कारण डेपोतल्या कुणीतरी त्याला परत पाठवला होता. वर लिहिलं होतं, ‘तुझाच फ्लेक्स ना रे हा?’

‘हे खरं हाय का?’

काय बोलणार? पोरीला दिलेला शब्द माझ्या तोंडात अडकून बसला होता.

‘तिला म्हाईत होतं?’

‘होतं,’ मी म्हणाले.

तो बसला. मशीन मांडीवर घेतलं. त्या मशीनच्या बटणांवरून अंगठा फिरवत राहिला.

‘म्हणून म्हणली काढा म्हणून,’ तो म्हणाला. ‘अन मी तिला बोललो न्हाई दोन दिस.’

‘तुमची काय चूक भाऊ? सगळ्यांनीच टाकलं. प्राचार्यांनी टाकलं. माहीत कुणाला होतं?’

‘सगळ्यांनी एकदा टाकलं मॅडम. मी किती जणांला पाठवलं?’ त्यानं मोबाईल माझ्यापुढं केला. ‘बघा. ही माझी बहीण, चुडाव्याची. हा साडू. हा डेपो मॅनेजर सायब. हे आमच्या विहाराचे अध्यक्ष. माझ्या पोरीला शिवी द्यायला मी माझा नेटपॅक जाळला.’

तो फ्लेक्स त्यानं त्याच संध्याकाळी स्वतः उतरवला. चौकात बसलेली पोरं बघत होती, मीही रस्त्याच्या कडेला उभी होते. सोबत जावं असं वाटलं, आणि आता सोबत जाऊन काय करणार असंही वाटलं. त्यानं दोऱ्या कापल्या, फ्लेक्स घडी केला, पोरीचा चेहरा आतल्या बाजूला येईल असा, आणि काखेत मारून चालू लागला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं तर सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. मी तिथंच थांबून तोंडाला येईल ते बोलले. मास्तरणीनं चौकात बोलू नये असं बोलले. एकानंही वर मान केली नाही.

पण खरं क्रूर ते पुढचं होतं. पाठवलेलं परत घ्यायचं म्हणून तो एकेकाला फोन लावत बसला. मी त्याला सांगितलं होतं, अर्थ सांगू नका, नुसतं चुकून गेलं, पुसा म्हणा. पण नातेवाईक असं ऐकतात का? चुडाव्याची बहीण म्हणाली, ‘का रं दादा? किती झ्याक हाय ते. मी तर पोराच्या शाळेतबी दावलं.’ मग त्याला सांगावं लागलं. बाटली म्हणजे काय, शिडी म्हणजे काय. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या पोरीबद्दल. बहीण फोनवर रडायला लागली. मग साडूला. मग डेपोतल्या माणसांना, आणि त्यातल्या एकानं सगळं ऐकून घेऊन म्हटलं, ‘पण त्यात खोटं काय हाय म्हणा?’ ज्याच्या शेजारच्या सीटवर बसून यानं उभं आयुष्य घंटी मारली, त्या ड्रायव्हरनं.

पोरगी गेली मेडिकलला. स्टँडवर बाप-लेक काय बोलले ते मला माहीत नाही. मी गेले तेव्हा गाडी हलली होती आणि तो खाली उभा होता, हात वर करून, गाडी वळेस्तोवर.

त्या पानावर आता बाटली, शिडी कुणी टाकत नाही. परवा बघितलं, दुसरंच काहीतरी आहे. काय आहे ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या भाच्याला मी आमच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, ‘आत्या, तू लय विचार करतीस.’ आमच्या घरातली मोठी माणसं मूग गिळून गप्प. एका काकूनं लगेच देवीचा फोटो टाकला, विषय वर सरकून गेला.

मध्यंतरी पोरीचा फोन आला. पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाली होती, ॲनाटॉमीत चांगले मार्क. मी म्हणाले, ‘पप्पा काय म्हणाले?’

‘बरं झालं, म्हणले.’

‘आणि?’

‘एवढंच. मॅडम, ते स्टेटस ठेवीत न्हाईत आता. आधी माझी साधी चाचणी असली तरी ठेवायचे. मी मार्कलिस्टचा फोटो पाठवला, नुसत्या दोन निळ्या खुणा झाल्या. मी म्हणलं, पप्पा, ठेवा की स्टेटसला, तर फोन कट केला. तुमी सांगून बघा ना. तुमचं ऐकतील.’

मी गेले. स्टँडवर गाडी लागलेली, तो दारापाशी उभा राहून प्रवासी चढवत होता. मी म्हणाले, ‘भाऊ, पोरगी पास झाली. तिचं एवढंच म्हणणं आहे, पप्पांनी स्टेटस ठेवावं. नुसता फोटो ठेवा. खाली “अभिनंदन” लिहा. शब्दाला काही होत नाही.’

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, काही नव्हतं.

‘फोटो तरी कुणाकुणाला दिसंल, ते त्याच्याखाली काय टाकतील, मला कळणार हाय का मॅडम?’ तो म्हणाला. ‘फुल टाकलं तरी मी इचार करीत बसंन, ह्येचा अर्थ काय. तिला म्हणावं, बापाला लय आनंद झालाय. पण ते कुणाला दिसू नये, एवढंच बरं.’

मग त्यानं घंटी मारली, आणि दार ओढून घेतलं.